आईने ‘हो’ म्हणण्याआधी ॲपने काय करायचं नाही: मुलांचं ॲप बांधताना

सांगलीत विश्रामबागेत बसून मी सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी पाढ्यांचं ॲप बांधतो. मुलांच्या ॲपविषयी सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला असा असतो: पहिल्या स्क्रीनवर ‘मी पालक आहे’ अशी चौकट टाका, टिक झाली की पुढे जा. हा सल्ला ऐकू नका. चौकट दिसेपर्यंत ॲपने बरंच काही बाहेर पाठवलेलं असू शकतं, आणि काही गोष्टींना पालकांची टिक मिळूनही परवानगी मिळत नाही.

आधी वयाचं. परदेशी नमुना उचलला की त्यात ‘१३ वर्षांखालील’ असं लिहिलेलं असतं. ती मर्यादा अमेरिकेच्या कायद्याची. आपल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ पूर्ण न झालेला प्रत्येक जण मूल आहे, म्हणजे दहावीतला मुलगाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुलांविषयीच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. मुलांबाबतचं कर्तव्य मोडलं तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. ॲपची रचना मात्र आजच ठरते, म्हणून कामही आजच.

पहिली पायरी: ॲप काय काय मागतं त्याची यादी कागदावर करा आणि प्रत्येक ओळीपुढे ‘कशासाठी’ लिहा. माझ्या यादीत मुलाचं नाव, इयत्ता, जन्मतारीख आणि शाळा होती. चाचणीला आलेल्या मिरजेच्या एका ताईंनी सरळ विचारलं, “सर, पाढे म्हणायला तिच्या शाळेचं नाव कशाला पायजे?” मला उत्तर देता आलं नाही. शाळा गेली, जन्मतारीख गेली. नावाऐवजी मूल चित्र निवडतं: मोर, बैल, ससा. कुठला पाढा किती वेळा चुकला ही नोंद फोनमध्येच राहते, आपणहून सर्व्हरवर येत नाही.

दुसरी पायरी: संमतीच्या आधी ॲप बाहेर काय पाठवतं ते तपासा. इथे मी अडकलो होतो, म्हणून सावकाश जा.

माझी संमतीची स्क्रीन नीट होती. मराठीत, मोठ्या अक्षरांत. तरीही एकदा कोऱ्या फोनवर ॲप टाकून मी `PCAPdroid` लावलं. कुठलं ॲप कुठल्या पत्त्याशी बोलतं ते यात रूट न करता दिसतं. संमतीच्या स्क्रीनवर मी हातही लावला नव्हता, आणि ॲप दोन अनोळखी पत्त्यांशी बोलून मोकळं झालं होतं. कारण साधं होतं. काही लायब्ररी आपल्या पहिल्या स्क्रीनच्याही आधी, ॲपची प्रक्रिया सुरू होतानाच, स्वतःहून जाग्या होतात. आपण कोडमध्ये त्यांना कुठेही हाक मारलेली नसते. संमतीचं बटण आपल्या स्क्रीनवर असतं आणि या लायब्ररी त्या स्क्रीनच्या आधी धावतात.

त्यावर मी केलेला पहिला इलाज चुकीचा होता. वापर मोजणारी लायब्ररी मी संमती मिळेपर्यंत बंद ठेवली आणि ‘हो’ आल्यावर चालू केली. मग अधिनियमाचं कलम ९ पुन्हा वाचलं. त्यात पालकांची संमती घेणं ही एक अट आहे. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणं आणि त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिरात करणं यांवरची बंदी ही वेगळी अट आहे, आणि पालकांनी हो म्हटलं म्हणून ती उठत नाही. शैक्षणिक संस्थांना शिकवण्याच्या आणि सुरक्षिततेच्या कामापुरती सवलत आहे. आपलं ॲप अभ्यासाचं आहे म्हणून ती आपल्यालाही आहे असं धरू नका. माझं मत ठाम आहे: वापर मोजणारी लायब्ररी मुलांच्या ॲपमधून काढूनच टाका. किती जणांनी ॲप घेतलं आणि ते कुठे बंद पडलं, एवढं `Play Console` मध्ये दिसतं.

काढल्यावरही ती दुसऱ्या लायब्ररीच्या पाठीवर बसून परत येते. म्हणून लायब्ररींचं सगळं झाड छापून बघा:

```
./gradlew :app:dependencies --configuration releaseRuntimeClasspath
```

मग अँड्रॉइड स्टुडिओत `AndroidManifest.xml` उघडून खालच्या `Merged Manifest` टॅबवर जा. आपण न लिहिलेल्या परवानग्या तिथे दिसतात. माझ्याकडे जाहिरात-ओळखक्रमांकाची परवानगी अशीच आत आली होती. मुलांचा हा क्रमांक पाठवायला प्ले स्टोअरच्या कुटुंब धोरणातही मनाई आहे. ती परवानगी अशी काढायची:

```xml
<uses-permission
    android:name="com.google.android.gms.permission.AD_ID"
    tools:node="remove" />
```

ही ओळ लिहून थांबू नका. ॲप काढा, पुन्हा टाका, संमतीच्या स्क्रीनवर पाच मिनिटं तसंच सोडा आणि `PCAPdroid` मध्ये बघा. एकही पत्ता दिसता कामा नये.

तिसरी पायरी, जाहिराती. लक्ष्यित जाहिरात नको. समोरच्या मजकुराला धरून दिलेली चालते, पण त्यासाठीही जाहिरात-लायब्ररीला ‘हे मुलांसाठी आहे’ असं ती सुरू करण्याआधी सांगावं लागतं. मी जाहिराती काढून आईवडिलांकडून एकदाच पैसे घेतो.

चौथी पायरी, संमती. माझं ॲप संमतीशिवाय पूर्ण चालतं, कारण मुलाचं काही माझ्याकडे येतच नाही. फोन बदलला तरी प्रगती टिकावी असं वाटणाऱ्यांसाठी मात्र सर्व्हरवर प्रत ठेवावी लागते, आणि प्रश्न तिथेच, त्याच क्षणी विचारायचा. मजकूर असा आहे: “कोणता पाढा किती वेळा चुकला एवढंच आम्ही आमच्या सर्व्हरवर ठेवू, म्हणजे नव्या फोनवर ते परत मिळेल. दुसऱ्या कशासाठीही वापरणार नाही. नको असेल तर ॲप असंच चालेल.” सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावाच लागतो. आपल्याकडे मराठी आधी.

इथे अनेक जण ‘पालकांसाठी प्रश्न’ म्हणून सात गुणिले आठ विचारतात. पाढ्यांच्या ॲपमध्ये त्याचं उत्तर मुलालाच आधी येतं. गणित सोडवलं म्हणजे समोरची व्यक्ती सज्ञान आहे हे सिद्धही होत नाही. नियमांना संमती देणारी व्यक्ती सज्ञान असल्याची खात्री हवी आहे: तिची ओळख आणि वय यांचे विश्वासार्ह तपशील आपल्याकडे आधीपासून असतील तर त्यांवरून, नाहीतर तिने स्वतः दिलेल्या तपशिलांवरून किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेच्या टोकनवरून. टोकन घ्या. आधार कार्डाचा फोटो मागू नका. मुलाचे पाच आकडे जपायला निघून आईचं ओळखपत्र सांभाळायची जबाबदारी गळ्यात पडते.

घरात फोन बहुधा आईचा एकच असतो आणि तो मुलाच्या हातात असतो. म्हणून ही पडताळणी खेळाच्या मध्ये येऊ देऊ नका. माझ्याकडे ती ‘मोठ्यांसाठी’ या पानात आहे, आणि मूल खेळत असताना तिथे जायचं बटण दिसत नाही.

पाचवी: संमती मागे घेणं दिल्याइतकंच सोपं हवं. त्याच पानावर, एका बटणावर, आणि सर्व्हरवरची प्रत त्याबरोबर पुसायची.

लायब्ररीची नवी आवृत्ती घेतली की दुसरी पायरी पहिल्यापासून. गेल्या वेळी एका आवृत्तीबरोबर जाहिरात-ओळखक्रमांकाची परवानगी वेगळ्या लायब्ररीमधून पुन्हा आली होती. वर लिहिलेल्या `remove` च्या ओळीने ती अडली, पण झाड छापलं नसतं तर ती लायब्ररी आत शिरल्याचं मला कळलं नसतं.