बाल्कनी बंद केलेल्या मेंबरला नोटीस काढताय? मग या चुका टाळा

साताऱ्यात काही सोसायट्यांचं दफ्तर मी बघतो, आणि दर पावसाळ्याच्या आधी एक फोन ठरलेला असतो. "अहो, वरच्यांनी बाल्कनी पॅक केली, विचारलं पण नाही, एक कडक नोटीस द्या बरं लिहून." कडक म्हणजे काय तर तीन उद्गारचिन्हं आणि खाली सेक्रेटरीची सही. कलम कुठलं, ठराव झाला का, बाल्कनीत नक्की केलंय काय, हे विचारलं की पलीकडे शांतता.

लोक बाल्कनी का बंद करतात ते कळतं हो. आपल्याकडचा पाऊस आडवा येतो, जुलैत हॉलपर्यंत पाणी येतं, वर कबुतरं. पण गरज खरी असली तरी परवानगी लागतेच, आणि सोसायटीची बाजू बरोबर असली तरी चुकीच्या नोटिशीने ती हातची जाते. दुसऱ्या गोष्टीकडे कमिटी बघतच नाही.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे कलम नेटवरून उचलणं. एका सोसायटीत, जुनी पंचवीसेक फ्लॅटची बिल्डिंग, तिसऱ्या मजल्यावर एकाने दहा बाय चारची बाल्कनी बंद केली. कठड्यावर चार इंची वीट चढवून त्यात अॅल्युमिनियमची स्लायडिंग आणि मधलं दार काढून सगळा हॉल एक. सेक्रेटरी उत्साही माणूस, रात्रीत मोबाईलवर नमुना शोधला, नाव-नंबर बदलले, सकाळी नोटीस दारावर चिकटवली. त्यात लिहिलेलं, मुंबई महानगरपालिका कायदा 1888 कलम 351 अन्वये सात दिवसांत बांधकाम पाडा, अन्यथा सोसायटी स्वतः पाडेल आणि खर्च वसूल करेल. आता तो कायदा मुंबईचा. आपण साताऱ्यात, नगरपरिषदेच्या हद्दीत. आणि ते कलम वापरायचा अधिकार मुंबईतसुद्धा पालिकेचा, सोसायटीचा नाहीच. बरं, नोटीस काढली मिस्टरांच्या नावाने, फ्लॅट मिसेसच्या नावावर. शेअर सर्टिफिकेट उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती.

मेंबरच्या वकिलाचं उत्तर आलं एका पानाचं. आपण नमूद केलेला कायदा इथे लागू नाही, ज्यांना नोटीस दिली ते सभासद नाहीत, कमिटीच्या ठरावाची प्रत द्यावी. ठराव नव्हताच! चहा पिताना चौघांचं ठरलेलं. मग सगळं पहिल्यापासून, मीटिंग, ठराव, नवी नोटीस, आणि तेवढ्यात त्याच विंगमधल्या अजून एकाने बाल्कनी बंद केली, कारण पहिल्याचं काही वाकडं झालं नाही हे सगळ्यांनी पाहिलं होतं. घाईने वाचवलेली एक रात्र सोसायटीला पूर्ण पावसाळ्याला पडली.

तेव्हा सोसायटीचा खरा आधार म्हणजे तुमचेच उपविधी, ज्याला आपण बायलॉज म्हणतो. फ्लॅटमध्ये भर किंवा फेरफार करायच्या आधी कमिटीची लेखी परवानगी हवी, असं एक कलम त्यात असतं. नंबर मी इथे मुद्दाम देत नाही. जुन्या छापील प्रतीत आणि 2014 च्या आदर्श उपविधीत क्रमांक मागेपुढे आहेत, आणि तुमच्या सोसायटीने कुठले स्वीकारून रजिस्टर करून घेतलेत ते तुमच्या कपाटातली शिक्क्याची प्रत सांगेल, नेट नाही. माझी सवय म्हणजे त्या पानाची झेरॉक्स नोटिशीलाच जोडायची आणि कलमाचा मजकूर शब्दशः नोटिशीत उतरवायचा. नंबर चुकला तरी मजकूर तर बरोबर राहतो.

दुसरी माझी आवडती चूक, म्हणजे नावडती. "अनधिकृत बांधकाम काढून टाकून मूळ स्थिती करावी." एवढंच वाक्य, पुढे काही नाही. कुठली मूळ स्थिती? बिल्डरने दिली ती, का मंजूर नकाशातली, का आधीच्या मालकाने ग्रिल बसवलं त्यानंतरची? मेंबर दोन काचा काढतो आणि लिहून देतो, केली मूळ स्थिती. मग बसा भांडत.

म्हणून नोटिशीच्या आधी पाहणी. मेंबरला लेखी कळवून, वेळ ठरवून, दोन कमिटी मेंबर आणि जमलं तर एक इंजिनिअर. धडाधड बेल वाजवून आत घुसायचं नाही. टेप लावून मापं घ्या, फोटो काढा, बाहेरून एक आणि आतून दोन, आणि मंजूर नकाशाची प्रत शेजारी ठेवून काय बदललंय ते एकेक लिहा. या केसमध्ये चार गोष्टी निघाल्या. कठड्यावरची वीट, स्लायडिंग खिडकी, काढलेलं मधलं दार, आणि नवीन टाइल्स घालताना बुजवलेला बाल्कनीच्या पाण्याचा आउटलेट. हा चौथा कुणाच्या डोक्यातच नव्हता, आणि खालच्या फ्लॅटच्या छताला ओल धरली होती ती बहुतेक त्याचीच.

विटेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मेंबर हमखास म्हणतो "एवढ्याशा भिंतीने काय होतंय." कठड्याच्या वर सहा फूट उंच, दहा फूट लांब, चार इंची वीट म्हणजे प्लास्टर धरून साधारण टनभर वजन. राहत्या घराच्या बाल्कनीला वापराचं वजन चौरस मीटरला तीनेकशे किलो धरतात. आणि हे टनभर पसरून नाही, अधांतरी स्लॅबच्या पार टोकाला एका रेषेत येतं, जिथे त्याचा ओढा सगळ्यात जास्त. बाल्कनी बाहेर काढलेली असेल तर मुळाशी, वरच्या बाजूला, भिंतीला समांतर बारीक चीर दिसते का ते बघा, दिसली तर नोटिशीची भाषा बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. नुसती अॅल्युमिनियमची सरकती खिडकी आणि टनभर वीट या एकाच मापात तोलू नका. नोटिशीत वीट पहिली, खिडकी नंतर.

मंजूर नकाशा बघायचं आणखी एक कारण आहे. बऱ्याच जुन्या इमारतींत बाल्कनी एफएसआयमध्ये धरलेली नाही, म्हणून ती बंद केली की खोलीचं क्षेत्र वाढलं असं होतं आणि प्रश्न सोसायटीचा न राहता नगरपरिषदेचा होतो. सांगलीकडे असाल तर महापालिकेचा. कमिटीने उद्या एनओसी दिली तरी ती परवानगी पालिकेची होत नाही. आणि उलटंही, "बिल्डर हो म्हणाला होता" याला काही अर्थ नाही.

आता नोटीस. मी साधारण अशी लिहितो, चिडचिड न करता:

"आपल्या सदनिका क्रमांक अमुक येथे दिनांक अमुक रोजी आपणास पूर्वसूचना देऊन पाहणी केली. मंजूर नकाशात उघडी दर्शवलेली बाल्कनी पुढीलप्रमाणे बंद केल्याचे आढळले: (1) कठड्यावर सहा फूट उंचीची वीटभिंत, (2) अॅल्युमिनियम खिडकी, (3) हॉल व बाल्कनीमधील दार काढले, (4) पाण्याचा आउटलेट बुजवला. याकरिता समितीची लेखी परवानगी घेतल्याची नोंद संस्थेच्या दप्तरी नाही. उपविधीतील सोबत जोडलेल्या कलमानुसार अशी परवानगी आवश्यक आहे. समितीच्या दिनांक अमुकच्या सभेतील ठराव क्रमांक अमुकनुसार आपणास कळवण्यात येते की, परवानगी असल्यास तिची प्रत 15 दिवसांत सादर करावी, आपले म्हणणे लेखी द्यावे अथवा समितीपुढे मांडावे. परवानगी नसल्यास वरील चारही बाबी 30 दिवसांत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ववत कराव्यात व काम सुरू करण्यापूर्वी संस्थेस कळवावे."

बस. "परवानगी असल्यास" हे दोन शब्द गाळू नका, कारण जुन्या कमिटीने खरंच दिलेली असते आणि फाइल कुठे ते कुणाला माहीत नसतं, हे मी पाहिलंय. मुदत 30 दिवसांची का, तर वीट उतरवायला माणसं मिळाली पाहिजेत, मलबा टाकायचा, आउटलेट मोकळा करून खाली वॉटरप्रूफिंग बघायचं. सात दिवस लिहिलं की पाळलं जात नाही आणि तुमचंच हसं होतं. भर पावसात आउटलेट आधी मोकळा करा, वीट उघडीप मिळाल्यावर, असं नोटिशीतच टप्प्याने सांगितलं तरी चालतं.

नोटीस हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर सही घ्या, नाही घेतली तर स्पीड पोस्टने पाठवा आणि डिलिव्हरीची नोंद जपून ठेवा. रजिस्टर्ड पोस्ट 2025 पासून स्पीड पोस्टमध्येच गेलंय, तेव्हा पोस्टात जाऊन जुन्या नावावरून वाद घालू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकणं म्हणजे नोटीस नाही, ती बदनामी, आणि मेंबरला उलट तक्रारीला कारण.

पाणी तोडणं नको. लिफ्ट बंद करणं नको. मेंटेनन्सचा चेक परत करणं तर मूर्खपणा.

दंड लावायची सगळ्यांना भारी घाई. सरळ पुढच्या बिलात "बाल्कनी दंड 10,000". अहो, दंड कमिटी मनाने लावत नाही, आदर्श उपविधीत आधी कारणे दाखवा, मग म्हणणं ऐकणं, मग सर्वसाधारण सभा असा रस्ता आहे आणि वर्षाला कमाल 5,000 ची मर्यादा. तुमच्या प्रतीत काय आहे ते वाचा, मग बिल छापा.

आणि एकालाच नोटीस नको. समोरच्या विंगमध्ये चेअरमनच्या भाच्याची बाल्कनी तशीच बंद असेल तर पहिलं उत्तर तेच येणार. पाहणी सगळ्या विंगची करा, यादी करा, ज्यांनी तसलंच काम केलंय त्या सगळ्यांना एकाच ठरावाखाली नोटीस. यात कमिटीचा कुणी असेल तर त्याच्यापासून सुरुवात, मग बघा बाकीचे किती बोलतात.

मेंबरने दाद दिलीच नाही तर? हातोडा घेऊन जायचं नाही, तो अधिकार सोसायटीला नाही. दोन रस्ते आहेत. नकाशाबाहेरच्या बांधकामाची लेखी तक्रार नगरपरिषदेकडे, ते नगररचना कायदा 1966 च्या कलम 53 खाली नोटीस काढू शकतात. आणि सोसायटी-मेंबर वादासाठी सहकार कायदा 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालय. तिथे तुमची नोटीस, ठराव, फोटो, पोच हेच वाचलं जाणार. तिथेही मुदत असते, कलम 92 बघा, दहा वर्षं जुनी बाल्कनी आज आठवली म्हणून जाता येत नाही. उपनिबंधक कार्यालयात फेऱ्या मारून भिंत पडत नाही, तिथे सोसायटीचा कारभार बघतात.

त्या तिसऱ्या मजल्यावर दुसरी नोटीस, या वेळी मॅडमच्या नावाने, चार बाबी लिहून, ठराव जोडून गेली. वकिलाचं उत्तर आलं नाही. मेंबरने स्वतःचा इंजिनिअर आणला, त्यानेही विटेचं वजन मान्य केलं. वीट उतरवली, आउटलेट मोकळा झाला, मधलं दार परत बसवलं. खिडकीसाठी त्यांनी रीतसर अर्ज दिला, कमिटीने पालिकेची परवानगी आणायला सांगितलं आणि तोवर खिडकीही काढायला लावली. काम झाल्यावर परत पाहणी करून फोटो काढले, खालच्या फ्लॅटच्या छताचाही एक, आणि पुढच्या मीटिंगमध्ये "पूर्ववत केले" अशी नोंद घेऊन फाइल बंद केली.