गाण्याचा कॉपीराइट नोंदवताय? एका अर्जात सगळं कोंबू नका

परळच्या आमच्या चाळीत गणेशोत्सवासाठी एक गाणं झालं. शब्द माझे, चाल पेटी वाजवणाऱ्या मित्राची, आणि रेकॉर्डिंगचा खर्च त्याच्या मामांनी उचलला. गाणं बऱ्यापैकी चाललं. शेजारच्या गल्लीतल्या मंडळाने ते आपल्या नावावर खपवायला सुरुवात केली, तेव्हा कॉपीराइट नोंदवायची बुद्धी सुचली. रात्री जेवणं झाल्यावर तिघं लॅपटॉपपुढे बसलो, copyright.gov.in वर खातं उघडलं, फॉर्म XIV भरला, ५०० रुपये भरले, गाण्याची ऑडिओ फाइल चढवली आणि डायरी नंबर मिळाल्यावर एकमेकांना टाळ्या दिल्या. काही आठवड्यांनी त्रुटीपत्र आलं. कृतीचा वर्ग आणि चढवलेली फाइल जुळत नाही, लेखकाच्या रकान्यातल्या दुसऱ्या माणसाचं ना हरकत पत्र नाही, प्रकाशनाची माहिती स्पष्ट करा. तिन्ही आक्षेप बरोबर होते. चुका आमच्याच.

पहिली चूक सगळ्यात मोठी आणि मी बघतोय ती सगळ्यात जास्त लोक करतात. आपल्या बोलण्यात गाणं एकच असतं, कायद्यात ते तीन वस्तूंचं गाठोडं आहे. शब्द ही साहित्यकृती. चाल ही संगीतकृती, आणि कॉपीराइट कायद्यातली संगीतकृतीची व्याख्याच सांगते की तिच्यात शब्द धरायचे नाहीत. स्टुडिओत तयार झालेलं ध्वनिमुद्रण ही तिसरी, वेगळी कृती. प्रत्येकीचा अर्ज वेगळा, फी वेगळी. साहित्यकृतीला ५०० रुपये, संगीतकृतीला ५०० आणि ध्वनिमुद्रणाला २०००. म्हणजे पूर्ण गाणं नोंदवायचं तर ३००० रुपये. आम्ही ५०० मध्ये तिन्ही उरकायला निघालो होतो.

जे नोंदवताय तेच जमा करा, एवढं साधं आहे हे. शब्दांच्या अर्जाला टाइप केलेलं गीत लावायचं, ध्रुवपद आणि सगळी कडवी धरून. ऑडिओ फाइल लावलीत तर तपासणाऱ्यापुढे साहित्यकृती येतच नाही. चालीच्या अर्जाला स्वरलिपी जोडलेली बरी. आमच्या मित्राला स्वरलिपी लिहिता येत नव्हती, त्याने दादरच्या एका क्लासमधल्या बाईंकडून सा रे ग म मध्ये लिहून घेतली. चालीला हक्क मिळण्यासाठी ती कागदावर उतरलेलीच असावी असं कायदा म्हणत नाही. पण भांडण झालं तर कुठली सुरावट तुमची हे दाखवायला त्या दोन पानांसारखं दुसरं काही नाही. नियमाप्रमाणे अर्जासोबत कृतीच्या दोन प्रती द्यायच्या असतात. टपालाने काही पाठवायची वेळ आली तर पाकिटावर आणि प्रत्येक प्रतीवर डायरी नंबर ठळक लिहा, नाहीतर तुमचं गीत कुणाच्या फाइलला लागेल ते गणपतीच जाणे.

ध्वनिमुद्रणाच्या अर्जात लेखक म्हणून कोणाचं नाव घालायचं, यावर आमची चांगलीच जुंपली. गाणारी मुलगी म्हणाली, आवाज माझा आहे, मग नाव माझं. कायद्याने ध्वनिमुद्रणाचा लेखक म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन जबाबदारी उचलली तो. आमच्याकडे ते मामा. स्टुडिओ त्यांनी ठरवला, वादकांना बिदागी त्यांनी दिली, मिक्सिंग पसंत पडेना तेव्हा पुन्हा पैसे मोजून करून घेतलं. गायिकेला कलाकार म्हणून वेगळे हक्क आहेत, ते कायद्यात नीट लिहिलेत, पण या रकान्यात तिची जागा नाही. आणि तासावर भाडं घेणारा स्टुडिओवाला निव्वळ मशीन त्याची म्हणून निर्माता होत नाही.

दुसरी चूक अप्रकाशित या शब्दाची. आमच्या डोक्यात प्रकाशित म्हणजे कंपनीने काढलेलं, सीडी आलेलं. म्हणून आम्ही बिनदिक्कत अप्रकाशित निवडलं, आणि गाणं तर आगमनाच्या दिवसापासून यूट्यूबवर होतं. कायद्यात प्रती लोकांपर्यंत पोचवणं हे जसं प्रकाशन, तसंच कृती लोकांना ऐकवण्या-दाखवण्यासाठी खुली करणं हेही प्रकाशन. यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुलं केलंत की प्रकाशन झालं. मग अर्जात पहिल्या प्रकाशनाचं वर्ष, देश आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता द्यावा लागतो. चॅनेल दुसऱ्याचं असेल तर तिथेच गाठ पडते, कारण प्रकाशक अर्जदाराहून वेगळा असला की त्याचंही ना हरकत पत्र लागतं. आमचं चॅनेल मंडळाचं होतं, सचिव गावी गेले होते, त्या एका सहीसाठी आठवडा गेला. तुमचं गाणं अजून चढवलं नसेल तर आधी अर्ज करा, मग चढवा. अर्जाच्या दिवशी ते खरंच अप्रकाशित असेल आणि हा सगळा व्याप वाचेल.

तिसरी गोष्ट मालकीची, आणि इथे पैशापेक्षा नाती जास्त जळतात. मामांना वाटत होतं, खर्च मी केला, म्हणजे शब्द आणि चालही माझीच. तसं नसतं. पगारी नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल आणि वेगळा करार नसेल तर नोकरी देणारा कॉपीराइटचा पहिला मालक ठरतो. पण गीतकाराला मानधन देऊन गाणं लिहून घेतलं म्हणून शब्दांचा कॉपीराइट आपोआप पैसे देणाऱ्याकडे जात नाही. हक्क दिले असतील तर ते लेखी हवेत आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. कुठली कृती, कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी, मोबदला किती, हे त्यात आलं पाहिजे. मुदत लिहिली नाही तर हक्क ५ वर्षांसाठीच दिले असं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते. व्हॉट्सअॅपवरच्या ‘चालेल रे, घे तू’वर विसंबून मामांचं नाव मालकाच्या रकान्यात टाकणं म्हणजे पुढच्या भांडणाचं आमंत्रण.

शेवटी आम्ही असं केलं. शब्दांचा अर्जदार मी, चालीचा मित्र, ध्वनिमुद्रणाचे मामा. ज्याची कृती त्याचाच अर्ज, त्यामुळे लेखक आणि अर्जदार एकच, आणि लेखकाच्या ना हरकत पत्राची भानगड मिटली. मामांच्या मुद्रणात आमचे शब्द आणि चाल वापरण्याची परवानगी आम्ही दोघांनी साध्या कागदावर सही करून दिली. तपशीलपत्रकात वेगवेगळ्या हक्कांचे मालक कोण असा एक रकाना आहे. लोक तो मोकळा सोडतात किंवा ‘लागू नाही’ लिहितात. सगळे हक्क तुमचेच असतील तर तसं सरळ लिहा. मोकळा रकाना म्हणजे पुढचं त्रुटीपत्र.

त्रुटीपत्र आलं की घाबरून नवा अर्ज टाकू नका. भरलेली फी परत मिळत नसते, म्हणून जुना अर्ज वाचवता येतो का ते आधी बघा. उत्तराला साधारण ३० दिवस असतात. आमचा पहिला अर्ज साहित्यकृतीच्या वर्गात होता, तेव्हा तो फक्त शब्दांपुरता ठेवला. सुधारलेलं तपशीलपत्रक दिलं, लेखकांतून मित्राचं नाव काढलं, प्रकाशनाची माहिती आणि मंडळाचं पत्र जोडलं, ऑडिओऐवजी गीताची फाइल दिली. बाकी दोन अर्ज नव्याने. एकूण ३०००च गेले. पत्र मात्र रोज मेलमध्ये आणि साइटवर डायरी नंबर टाकून बघत राहा. स्पॅममध्ये पडलेल्या पत्रामुळे मुदत गेलेले अर्जदार मला माहीत आहेत.

डायरी नंबर म्हणजे नोंदणी, असं समजून लोक पेढे वाटतात. त्या नंबरानंतर ३० दिवस हरकतींसाठी ठेवलेले असतात, आणि त्या कृतीवर ज्यांचा दावा किंवा हितसंबंध आहे त्यांना अर्जाची सूचना द्यायची जबाबदारी तुमची असते. तपासणी त्याच्या पुढे. बरं, हक्क तर कृती तयार झाली तेव्हाच जन्मतो. नोंदणी नाही म्हणून दावा लावता येत नाही असं नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. प्रमाणपत्राचा उपयोग पुराव्यासाठी. नोंदवहीतला मजकूर न्यायालय सकृतदर्शनी खरा धरतं, खोटा आहे हे समोरच्याने दाखवायचं.

पुस्तकवाल्यांचा घोळ वेगळा असतो. आयएसबीएन मिळाला की कॉपीराइट झाला असं त्यांना वाटतं. तो नुसता पुस्तक ओळखण्याचा क्रमांक. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना प्रत द्यायची असते, त्यातलं एक आपल्या फोर्टातल्या टाउन हॉलमधलं एशियाटिक. तिथली पोच जपून ठेवा, पण कॉपीराइट अर्जाच्या दोन प्रती त्यातून फिटत नाहीत. मुखपृष्ठ चित्रकाराने काढलं असेल तर तेही मजकुरात आलं असं धरू नका, ती वेगळी कलाकृती आहे.

सॉफ्टवेअरही कायद्याने साहित्यकृतीच, फी ५००. अंधेरीत अॅप बनवणारा एक ओळखीचा पोरगा सोर्स कोडमधल्या महत्त्वाच्या ओळींवर काळे पट्टे मारून पीडीएफ देत होता, चोरी होईल या भीतीने. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यायची असतात, कोड २० पानांच्या आत असेल तर सगळा, आणि कुठेही काही झाकलेलं चालत नाही. जे गुपित आहे ते मधल्या पानांत राहतं, एवढी सोय नियमानेच केली आहे. बाहेरच्या फ्रीलान्सरकडून कोड लिहून घेतला असेल तर वरची हक्कपत्राची गोष्ट इथे दुपटीने लागू. आणि अॅपचा लोगो याच अर्जात घुसवू नका. मालावर वापरता येणाऱ्या कलाकृतीला २००० रुपये आणि ट्रेडमार्क कार्यालयाचं शोध प्रमाणपत्र लागतं.

आमची तिन्ही प्रमाणपत्रं आली, माझं सगळ्यात शेवटी. पुढे चाळ पुनर्विकासाला गेली, मी ट्रान्झिट कॅम्पात आलो आणि नोंदवहीत पत्ता मात्र जुन्या खोलीचा राहिला. तो बदलायला फॉर्म XV असतो. तो भरायला घेतलाय.