विसर्जनाच्या व्हिडिओला जुन्या फिल्मचं रूप देताना या चुका टाळा

गुहागरच्या किनाऱ्यावर आमच्या गणपतीचं विसर्जन मी मोबाईलवर शूट केलं आणि ते १९७० च्या सुमाराच्या घरगुती फिल्मसारखं दिसावं म्हणून रात्रभर बसलो. सकाळी आत्याने बघितलं नि म्हणाली, "सगळ्यांना कावीळ झालीये का रे?"

तिचं बरोबर होतं. मी अख्ख्या चित्रावर पिवळट फिल्टर ओढला होता. पण फिल्मचा रंग असा सरसकट पिवळा पडत नाही. त्या काळच्या पुष्कळ प्रिंटमध्ये सायन, म्हणजे निळसर-हिरवं रंगद्रव्य आधी उडतं. ते सावल्यांमध्ये दाट असतं, पांढऱ्या भागात जवळपास नसतंच. त्यामुळे सावल्या तांबूस होतात आणि लाटांचा फेस पांढराच राहतो. मग मी फिल्टर काढला. एडिटिंग अ‍ॅपच्या कर्व्हमध्ये लाल चॅनेलचं खालचं, म्हणजे सावल्यांकडचं टोक ० वरून २५ पर्यंत उचललं, हिरवं-निळं फक्त १० पर्यंत, आणि सॅच्युरेशन पाव हिश्शाने उतरवलं. माडांखालचा काळोख विटकरी झाला, काकांचं धोतर मात्र पांढरं राहिलं. तुमच्याकडे धोतरही तांबूस दिसू लागलं, तर कर्व्हचं वरचं टोक हललंय असं समजा.

दुसरी चूक लुकलुकण्याची. मी उजेड ठरावीक तालात कमी-जास्त केला होता. बिघडलेली ट्यूबलाइटच जणू. प्रत्येक फ्रेमचा उजेड थोडा वेगळा, कसलाही ताल नसलेला हवा. मला एक-दोन टक्के फरक पुरला. आकाशाकडे बघा: माणसांच्या आधी लुकलुक नजरेत भरली तर ती निम्मी करा. आणि शूटिंगच्या वेळीच एक्सपोजर लॉक करा, नाहीतर फेस फ्रेममध्ये आला की मोबाईल स्वतःच चित्र काळवंडवतो आणि ते पुढे लपत नाही.

ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक ठिपके, सगळ्यात शेवटी. मी ४के व्हिडिओवर ग्रेन घालून मग तो १०८०पी केला. लहान करताना ग्रेन पुसला गेला. आधी आकार ठरवा, मग ग्रेन ओव्हरले मोडमध्ये घाला, म्हणजे तो मधल्या छटांत दिसेल, फेसात आणि गडद काळ्यात फारसा नाही. एकच फ्रेम पुढे सरकवून पाहा: ठिपके जागच्या जागी राहिले तर तो ग्रेन नव्हे, काचेवरची धूळ.

एवढं करून मी तो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नेहमीसारखा टाकला आणि ढगाळ आकाशात चौकोनी डाग उमटले. दर फ्रेमला बदलणारे ठिपके कॉम्प्रेशनला झेपत नाहीत. दुसऱ्यांदा डॉक्युमेंट म्हणून पाठवला. आत्याचा फोन आला: "हा कधीचा रे? बाबांच्या वेळचा?"