गाय-म्हैस अडली, तर ओढण्याआधी हात घालून बघा

पोळा झाला की दिवाळीपर्यंत आपल्याकडं म्हशी विण्याचा जोर असतो. नेमक्या याच दिवसांत परतीचा पाऊस ओढ्या-नाल्यांना पाणी आणतो आणि आखाड्यावरचा रस्ता बंद पडतो. उन्हाळ्यात डॉक्टर तासाभरात पोचतात, आत्ता तीन तास लागू शकतात. त्यामुळं फोन करायची वेळही तेवढी आधी धरा. डॉक्टर येऊन बघतात तोवर जनावर व्यालं, तर कुणाचंच काही बिघडत नाही.

अडली हे ठरवायला घड्याळ लागतं. बेचैनी, सारखं उठणं-बसणं, शेपूट वर धरणं हा पहिला टप्पा. तो काही तास चालतो, पहिलारू कालवड किंवा वगारीत बारा तासांपर्यंतही लांबतो. या काळात लांबून बघत राहा, सारखं हात लावू नका. पाणमोट दिसली की मात्र वेळ लिहून ठेवा. दोन-चार वेतं झालेलं जनावर तिथून साधारण तासाभरात मोकळं होतं, पहिलारूला दीड-दोन तास लागू शकतात. जनावर जोर लावतंय, पण पाणमोट दिसून तास उलटला तरी काही पुढं सरकत नाही, किंवा खुरं दिसून अर्धा तास झाला तरी ती तिथंच आहेत, मग तपासायची वेळ झाली. आणि पहिला टप्पा सहा-आठ तासांच्या पुढं गेला, मोट दिसलीच नाही, तर थेट डॉक्टरांना फोन करा.

तपासायला काय लागतं? नखं कापलेली, अंगठी-कडं काढलेलं, हात खांद्यापर्यंत साबणानं धुतलेला. खांद्यापर्यंतचे हातमोजे मेडिकलवर मिळतात, ते घालाच. गर्भपात घडवणारा ब्रुसेला हा रोग माणसालाही होतो. निरण आणि आजूबाजूची जागा कोमट पाण्यानं धुवा, शेपूट बाजूला बांधा. हाताला लिक्विड पॅराफिन किंवा घरातलं स्वच्छ गोडेतेल भरपूर लावा. कपडे धुण्याची पावडर नको, तिनं आतला नैसर्गिक बुळबुळीतपणा निघून जातो आणि वासरू आणखी घट्ट बसतं.

आत हात गेला की आधी पाय कोणते ते ओळखायचं. खुरापासून वर चाचपत जा. पहिला आणि दुसरा सांधा एकाच बाजूला वाकत असेल तर पुढचा पाय, दोघं उलट बाजूंना वाकत असतील तर मागचा. दोन पुढचे पाय, तळवे खाली आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक, ही सरळ मांडणी. वासरू जिवंत आहे का हे बघायला दोन खुरांच्या मधे चिमटा घ्या, पाय आखडून घेतं. तोंडात बोट घातलं तर चोखतं. हालचाल नाही म्हणजे मेलंच असं धरू नका, दमलेलं वासरूही गप्प राहतं.

आता एक प्रसंग घेऊ. संकरित कालवड, पहिलं वेत. रात्री अकराला पाणमोट दिसली, साडेबाराला एक खूर आणि नाकाचा शेंडा दिसतोय, दुसरा पाय नाही. बघणारे म्हणतात, पाय धरा आणि ओढा. इथंच घात होतो. दुसरा पाय गुडघ्यात मुडपून हाडाच्या कमानीला टेकलेला असतो. ओढलं की तो आणखी घट्ट अडकतो.

आधी डॉक्टरांना फोन लावा. ते वाटेत असताना कालवड उभी असेल तर उभीच राहू द्या, उभ्या जनावरात आत जागा जास्त मिळते. तिची कळ ओसरली की वासराचं डोकं किंवा छाती तळहातानं हळूच मागं रेटा. कळ आली की थांबा, तिच्या जोराशी झुंजायचं नाही. जागा झाली की मुडपलेल्या पायावरून हात खुरापर्यंत न्या. खूर पूर्ण मुठीत झाका, कारण उघडं खूर घासलं तर गर्भाशय फाटतं. गुडघा वर-बाहेर सारत आणि खूर आत-पुढं घेत पाय सरळ करा. दहा-पंधरा मिनिटांत जमलं तर ठीक. नाही जमलं तर हात बाहेर काढा आणि डॉक्टरांची वाट बघा. जास्त वेळ खटाटोप केला की आतली जागा सुजते, आणि मग डॉक्टरांनाही हात घालायला वाव राहत नाही.

पाय सरळ झाला की ओढायला हरकत नाही. सुती दोरी पाण्यात उकळून घ्या. पहिल्या सांध्याच्या वर एक फास आणि सांध्याखाली एक आढी द्या, म्हणजे जोर एकाच ठिकाणी येऊन हाड मोडत नाही. दोन माणसांचं बळ ही मर्यादा. कळ आली की ओढायचं, ओसरली की सैल सोडायचं. एकदा उजवा पाय, एकदा डावा, असं आळीपाळीनं, म्हणजे खांदे तिरपे होऊन निघतात. डोकं बाहेर आलं की ओढ खाली, जनावराच्या मागच्या पायांच्या दिशेनं. बैल किंवा ट्रॅक्टर जुंपून ओढल्याच्या गोष्टी अजून ऐकू येतात. त्यात वासरू तर जातंच, कालवडीचे मागचे पायही कायमचे लुळे पडू शकतात.

मागचे दोन्ही पाय सरळ आलेले असतील तर वासरू तसंही ओढता येतं. पण ढुंगण बाहेर आल्यावर रेंगाळू नका, नाळ दाबली गेलेली असते आणि डोकं अजून आतच असतं. नुसती शेपूट हाताला लागली, पाय लागलेच नाहीत, डोकं मागं वळलेलं असलं किंवा वासरू वाटेपेक्षा मोठं वाटलं, तर तुमचं काम संपलं.

म्हशीत आणखी एक गोष्ट जपायची: गर्भाशयाला पीळ पडणं. गायीपेक्षा म्हशीत तो जास्त आढळतो. म्हैस दिवस भरलेली, पोटात दुखल्यासारखी पाय झाडते, चारा सोडते, पण मोट येत नाही. निरणाची एक कड आत ओढल्यासारखी दिसते. हात घातला तर वाट सरळ लागत नाही, कापड पिळल्यासारख्या घड्या लागतात. अशा वेळी ओढण्यासारखं हातात काही येतच नाही. कुणी म्हणेल, म्हशीला लोळवा. लोळवून पीळ सुटतो हे खरं, पण पीळ कोणत्या बाजूचा आहे हे ओळखून त्याच बाजूला लोळवावं लागतं, उलट लोळवलं तर तो आणखी आवळतो. ते काम डॉक्टरांचं. पहिल्या दिवसात म्हैस त्यांच्या हातात पडली तर बहुधा शस्त्रक्रिया टळते. 1962 या मोफत क्रमांकावर फिरत्या दवाखान्याला बोलावता येतं. शस्त्रक्रिया लागलीच तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत.

कळा वाढवणारं इंजेक्शन कंपाउंडरकडून किंवा मेडिकलवरून आणून टोचू नका. वाट उघडलेली नसताना, पीळ असताना किंवा पाय मुडपलेला असताना ते दिलं, तर गर्भाशय फुटू शकतं. म्हैस जोरच लावत नसेल आणि कान गार लागत असतील तर कॅल्शियम कमी पडलेलं असू शकतं. तेही शिरेतून डॉक्टरांनीच द्यायचं, घाईनं दिलं तर हृदय थांबतं.

वासरू आलं की नाकातोंडातला चिकट पदार्थ पुसा आणि नाकपुडीत काडी फिरवून शिंक आणा. नाळ पोटापासून दोन इंचांवर बांधून, पुढचा भाग कापून टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा. चीक पहिल्या तासातच पाजा, वार पडायची वाट बघत वासरू उपाशी ठेवू नका. वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना सांगा, तिला दगड किंवा चप्पल बांधू नका.