प्रबंध तपासताना या चुका टाळा : दुरुस्ती कुठे संपते, लेखन कुठे सुरू होतं

नव्याने प्रबंध तपासायला लागलेली मंडळी आपलं काम माझ्याकडे नजरेखालून घालायला पाठवतात. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं यांत फारसं बोलण्यासारखं नसतं. तेवढी तयारी करूनच ते या कामात उतरलेले असतात. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. वाक्य शुद्ध झालं की ते 'सुधारायला' घेतलं जातं, आणि संशोधकाच्या जागी आपण कधी बोलू लागलो हे तपासणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. पदवी विद्यार्थ्याला मिळणार असते, तोंडी परीक्षेत प्रत्येक वाक्याचं उत्तर त्यालाच द्यायचं असतं. त्यामुळे इतर लेखनाच्या संपादनात खपून जाणाऱ्या गोष्टी इथे खपत नाहीत.

वाक्य गुळगुळीत करताना दावाच बदलणं

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे आणि ती करणारे बहुतेक जण भाषेत चांगले असतात. एक नमुना घ्या. एका सर्वेक्षणावर आधारलेल्या प्रबंधात असं वाक्य आहे :

'जे विद्यार्थी नियमित अवांतर वाचन करतात त्यांच्यामध्ये शब्दसंग्रह हा जास्त प्रमाणात असल्याचे आढळून आले आहे.'

वाक्य पसरट आहे, यात वाद नाही. उत्साही तपासनीस ते असं करतो : 'नियमित अवांतर वाचनामुळे विद्यार्थ्यांचा शब्दसंग्रह वाढतो.' वाचायला छान, सुटसुटीत. पण यात तीन गोष्टी बदलल्या. 'मुळे' आल्याने वाचन हे कारण ठरलं. सर्वेक्षणात तर वाचन आणि शब्दसंग्रह एकाच वेळी मोजले होते. ज्यांचा शब्दसंग्रह आधीच चांगला आहे तीच मुलं जास्त वाचत असतील, हीसुद्धा शक्यता उरतेच. 'वाढतो' म्हणायला दोन वेळा मोजावं लागतं, इथे एकदाच मोजलं होतं. आणि 'आढळून आले' गेल्यामुळे या नमुन्यापुरता निष्कर्ष सगळ्या विद्यार्थ्यांचा नियम होऊन बसला.

मी एवढंच केलं असतं : 'नियमित अवांतर वाचन करणाऱ्या विद्यार्थ्यांचा शब्दसंग्रह जास्त असल्याचे आढळले.' पसरटपणा गेला, दावा जागच्या जागी राहिला.

उलटं झालं तर? समजा, विद्यार्थ्यानेच 'वाचनामुळे वाढतो' असं लिहिलं आहे आणि अभ्यास सर्वेक्षणाचाच आहे. तरीही मी त्याचा दावा परस्पर सौम्य करत नाही. त्या शब्दाशेजारी शेरा टाकतो : 'इथे कारण-परिणाम सांगितला आहे. प्रकरण ३ मधील संशोधन पद्धतीतून तो निघतो का, हे मार्गदर्शकांशी बोलून पाहा.' निष्कर्ष किती ताणायचा हा संशोधनातला निर्णय आहे आणि त्याचं शिक्षण विद्यार्थ्याला मिळायला हवं. मी गुपचूप दुरुस्त केलं तर त्याला चूक झाल्याचंही कळणार नाही.

याच जातीची आणखी एक खोड म्हणजे पुनरुक्ती टाळण्यासाठी पारिभाषिक शब्द बदलणं. एका परिच्छेदात 'सार्थक फरक' चार वेळा आला म्हणून कुणी एकदा 'ठळक फरक', एकदा 'मोठा फरक' करतं. संख्याशास्त्रात सार्थक म्हणजे मोठा नव्हे. नमुना मोठा असेल तर अगदी किरकोळ फरकही सार्थक ठरू शकतो. 'विश्वसनीयता' आणि 'सप्रमाणता' हे शब्द तर एकमेकांच्या जागी कधीच जाऊ नयेत. पहिला शब्द चाचणी दर वेळी सारखंच मोजते का हे सांगतो, दुसरा ती जे मोजायचं तेच मोजते का हे सांगतो. प्रबंधात तोच शब्द दहा वेळा येणं हा दोष नाही. शाळेतल्या निबंधाची ती सवय या कामात घेऊन येऊ नका.

आकडे परस्पर जुळवणं

एका नवख्या तपासनीसाने हातात घेतलेला एक प्रबंध नंतर माझ्याकडे आला, म्हणून ही हकीकत मला तपशिलात माहीत आहे. गोषवाऱ्यात नमुना १२६ विद्यार्थ्यांचा होता. निष्कर्षांच्या प्रकरणातल्या तक्त्यात प्रायोगिक गट ६४ आणि नियंत्रित गट ५८, म्हणजे १२२. विसंगती त्याने पकडली, हे कौतुकाचंच. पण पुढे त्याने टक्केवारी पाहिली : ५२.५ आणि ४७.५. ६४ ला १२२ ने भागलं की ५२.५ येतात, १२६ ने भागलं तर ५०.८. म्हणजे १२२ च बरोबर, असं ठरवून त्याने गोषवारा, नमुना निवडीचं प्रकरण आणि समारोप, सगळीकडे १२६ चे १२२ केले. तेही ट्रॅक चेंजेस बंद ठेवून, कारण विद्यार्थ्याने 'स्वच्छ फाइल द्या, उद्या सादर करायचंय' म्हटलं होतं.

गणित चोख होतं, निष्कर्ष चुकला. पूर्वचाचणी १२६ जणांनी दिली होती आणि उत्तरचाचणीला चार जण गैरहजर होते. दोन्ही आकडे खरे होते. फक्त ती गळती सांगणारं एक वाक्य लिहायचं राहून गेलं होतं. परिशिष्टातल्या पूर्वचाचणीच्या यादीत मात्र १२६ संकेतांक तसेच राहिले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, 'यादीत १२६ आहेत, प्रबंधात सगळीकडे १२२. चार जण कुठे गेले?' विद्यार्थ्याला उत्तर ठाऊक होतं, पण आपल्याच प्रबंधातून १२६ हा आकडा गायब झाल्याचं ठाऊक नव्हतं. मोकळेपणाने सांगायची साधी गोष्ट लपवल्यासारखी दिसली आणि प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला. माझ्याकडे आला तो तेव्हा.

अशा ठिकाणी आकड्याला हात लावायचा नाही, शेरा लिहायचा. 'हे बरोबर आहे का?' असला शेरा मात्र निरुपयोगी असतो. घाईतला विद्यार्थी 'हो' म्हणून पुढे जातो. मी असं लिहितो : 'गोषवाऱ्यात १२६, तक्त्यात ६४ + ५८ = १२२. टक्केवारी १२२ वरून काढलेली दिसते. दोन्ही आकडे वेगळ्या टप्प्यांचे असतील तर तसं इथे सांगा, नसतील तर कोणता बरोबर ते मूळ नोंदींवरून ठरवा.' काय दिसलं आणि त्याने काय तपासायचं, एवढंच. तयार वाक्य मी देत नाही. शेऱ्यात अख्खा परिच्छेद लिहून ठेवायचा आणि 'मी तर फक्त सुचवलं' म्हणायचं, हा मागच्या दाराने केलेला लेखनाचाच प्रकार आहे. विद्यार्थी तो परिच्छेद जसाच्या तसा चिकटवणार, हे आपल्याला पक्कं माहीत असतं.

माझी स्वतःची सीमारेषा अशी आहे. केलेल्या बदलाचं कारण मला शुद्धलेखनाच्या नियमाकडे, व्याकरणाकडे किंवा विद्यापीठाच्या शैलीपत्रकाकडे बोट दाखवून सांगता आलं, तर तो बदल मी करतो. कारण सांगताना तोंडातून 'त्याला असं म्हणायचं असावं' आलं, की हात थांबवतो आणि विचारतो. अर्थ दोन बाजूंनी लागत असेल तर दोन्ही अर्थ शेऱ्यात मांडतो, निवड त्याची.

'जरा चर्चेचं प्रकरण नीट करून द्या'

या वाक्यामागे काय मागितलं जातंय ते पैसे ठरवण्याआधीच विचारून घ्या. अनेकदा त्या प्रकरणात तक्त्यांतलेच आकडे शब्दांत मांडलेले असतात आणि त्यांचा अर्थ तपासनीसाने लावावा अशी अपेक्षा असते. ते मी घेत नाही. 'या परिच्छेदात निकाल आहेत, त्यांची पूर्वीच्या संशोधनाशी तुलना नाही' एवढं सांगणं मी योग्य मानतो. तुलना लिहून देणं म्हणजे लेखक होणं. शोधनिबंधात निदान सहलेखक ही जागा तरी असते, प्रबंधात तीही नसते.

सिमिलॅरिटी रिपोर्टमधली टक्केवारी 'खाली आणून द्या' ही मागणीही याच रांगेतली. दुसऱ्याच्या वाक्यातले शब्द फिरवले की आकडा उतरतो, उसनवारी तशीच राहते, फक्त शोधणं अवघड होतं. जुळलेला मजकूर अवतरणचिन्हांत आहे का, संदर्भ दिला आहे का, हे मी दाखवून देतो. पुढचं काम विद्यार्थ्याचं. या बाबतीत मी कुणाचीही अडचण ऐकून घेत नाही.

थोडक्यात आणखी काही

मुलाखतींतली बोली 'शुद्ध' करू नका. 'आमी गेलो व्हतो' हा विद्यार्थ्याचा पुरावा आहे.

प्रश्नावलीतली भाषा खटकली तरी तशीच ठेवा. लोकांनी उत्तरं त्याच शब्दांना दिली आहेत.

'रिप्लेस ऑल' संपूर्ण फाइलवर चालवू नका. अवतरणं, पुस्तकांची नावं आणि संदर्भसूची त्यात हमखास बिघडतात.

सगळे बदल एका फटक्यात स्वीकारलेली फाइल देऊ नका. मी खुणा असलेलीच फाइल देतो आणि प्रत्येक बदल विद्यार्थ्याने स्वतः पाहून स्वीकारायचा असं आधीच सांगतो. ज्याला तेवढा वेळ नाही त्याचं काम मी नाकारतो. आदल्या रात्री आलेला प्रबंध तपासून होत नाही, फक्त चाळून होतो.

परवानगी आणि ऋणनिर्देश

काम सुरू करण्याआधी मार्गदर्शकांची लेखी संमती मागा. कोणत्या पातळीची तपासणी होणार हेही त्यात असू द्या. ऑस्ट्रेलियातील इन्स्टिट्यूट ऑफ प्रोफेशनल एडिटर्स या संस्थेची प्रबंध संपादनासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत. व्यावसायिक संपादकाने भाषा, सुसंगती आणि पूर्णता यांपुरतंच राहावं, आशय आणि रचना हे क्षेत्र मार्गदर्शकांचं, अशी त्यांची मांडणी आहे. नव्याने काम सुरू करणाऱ्याने ती वाचावीतच.

शोधनिबंधांच्या बाबतीत वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, हेच स्पष्ट करते. लेखक म्हणवून घेण्यासाठी तिने चार निकष ठेवले आहेत आणि ते चारही पूर्ण व्हावे लागतात. नुसत्या भाषिक संपादनाने किंवा मुद्रितशोधनाने ते होत नाहीत. अशा मदतीची नोंद ऋणनिर्देशात करायची असते.

ती नोंद नेमकी असावी. 'मोलाचं सहकार्य' यातून काहीच कळत नाही. मी विद्यार्थ्याला असं लिहायला सांगतो : 'या प्रबंधाचे मुद्रितशोधन व भाषिक तपासणी अमुक यांनी केली, आशय, विश्लेषण आणि निष्कर्ष यांत त्यांचा सहभाग नाही.' पावतीवर आणि पहिल्या पत्रातही मी कामाचं हेच वर्णन ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर तिन्ही कागद एकच गोष्ट सांगतात.