पीपीआर पाइपचा जोड: किती सेकंद तापवायचा, आणि जास्त तापला तर आतले भोक का बुजते

गळका जोड लगेच सापडतो. आतून बुजलेला जोड मात्र प्रेशर टेस्टमध्येही पास होतो. टेस्टच्या वेळी पाणी वाहत नसते, नुसते दाबून धरलेले असते, त्यामुळे भोक निम्मे उरले तरी गेजचा काटा हलत नाही. पुढे टाइल्स लागतात, गीझर चालू होतो आणि शॉवरला गरम पाणी बारीक येते. मग प्रेशर पंपाचा खर्च निघतो, दोष मात्र भिंतीत तसाच राहतो. म्हणून वेल्डिंग करतानाच सेकंद मोजायला हवेत.

उदाहरणासाठी गीझरपासून वॉल मिक्सरपर्यंत जाणारी २० मिमी, पीएन-२० या दाबवर्गाची लाइन घेऊ. या पाइपचा बाहेरचा व्यास २० मिमी, जाडी ३.४ मिमी, म्हणजे आतले भोक १३.२ मिमी. शेवटी पितळी आट्यांचा एल्बो आहे.

मशीन

वेल्डिंग मशीनचे तापमान २६० अंश सेल्सिअस ठेवा, दहा अंश इकडेतिकडे चालतात. पाइप आणि फिटिंग ज्यांवर तापतात त्या डाय थंड असतानाच मशीनच्या प्लेटवर घट्ट बसवा. दिवा पहिल्यांदा विझला की लगेच काम सुरू करू नका, कारण प्लेट तापली तरी डाय मागे असते. दिवा पुन्हा लागून विझेपर्यंत थांबा. लांब आणि बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर मशीन लावले तर व्होल्टेज पडते आणि प्रत्येक जोडानंतर ते सावकाश तापते. डायवर चिकटलेले प्लास्टिक गरम असतानाच कोरड्या सुती कापडाने पुसा. पाते किंवा पॉलिश पेपर लावला की टेफ्लॉन निघते, आणि मग पाइप डायला चिकटून ओढताना तार सुटते.

कापणे आणि खुणा

पाइप कटरने काटकोनात कापा. हॅक्सॉने कापला तर कडेची कूस काढून टाका. लांबी धरताना जोडाची खोली विसरू नका. २० मिमीसाठी ती १४ मिमी असते, म्हणून दोन फिटिंगच्या तोंडांमधले अंतर ४०० मिमी असेल तर तुकडा ४२८ मिमीचा लागतो. पाइपच्या टोकापासून १४ मिमीवर पेन्सिलने गोल खूण करा. फिटिंगच्या सॉकेटची खोलीही मोजा. खूण त्यापेक्षा एखादा मिमी कमीच हवी, म्हणजे पाइपची कड तळाला चेपत नाही.

आता दिशेची खूण. थंड पाइप फिटिंगमध्ये जात नाही, तो तोंडाशीच अडतो, कारण सॉकेट आतून जरा लहान ठेवलेले असते. त्यामुळे एल्बो पाइपच्या तोंडाशी धरा, आट्यांचे तोंड हव्या त्या दिशेला करा आणि पाइपवर व एल्बोवर एकाच रेषेत खूण ओढा. पाइपवरची रेघ १४ मिमीच्या खुणेच्या मागेपर्यंत न्या, पुढचा भाग तर वितळणारच आहे. मिक्सरचे दोन्ही एल्बो सहसा १५० मिमी अंतरावर, एका लेव्हलला आणि एकमेकांना समांतर लागतात. एक जरी तिरका गेला तर नट ओढून बसवावा लागतो आणि तो ताण कायम जोडावर राहतो. म्हणून हा जोड भिंतीतल्या खाचेत करू नका, खाली सपाट जागेवर करा.

दोन्ही भाग पुसून कोरडे करा. पाण्याचा एक थेंब राहिला तरी वाफ होऊन वितळलेल्या थरात बुडबुडे राहतात.

तापवणे आणि जोडणे

फिटिंग नर डायवर आणि पाइप मादी डायमध्ये एकाच वेळी सरळ दाबा, फिरवू नका. पाइप खुणेपर्यंत आला की थांबा. डायच्या तळाला नेऊन रेटला तर मऊ झालेली कड तिथेच आत वळते. दोन्ही भाग पूर्ण बसले की मगच सेकंद मोजायला सुरुवात करा. २० मिमीला ५ सेकंद, २५ ला ७, ३२ ला ८ आणि ४० ला १२. हवा ५ अंशांच्या खाली असेल तर वेळ दीडपट करा. आपल्याकडे तशी वेळ क्वचितच येते, त्यामुळे ‘जरा जास्तच तापवू’ याला कारण उरत नाही.

वेळ होताच दोन्ही भाग एकदम ओढून काढा. पाच सेकंदांच्या कामात चिकटलेला पाइप सोडवायला तीन सेकंद गेले, तर ते तीन सेकंदही तापवण्यातच मोजले जातात.

काढल्यावर २० मिमीसाठी जोडायला फक्त ४ सेकंद असतात. रेघेला रेघ लावून पाइप एका दमात, सरळ, खुणेपर्यंत आत न्या आणि तसाच धरून ठेवा. या ४ सेकंदांत थोडा, पाच अंशांपर्यंत, तिरकेपणा सुधारता येतो. पिळायचे मात्र नाही. पिळले की वितळलेला थर फाटतो आणि त्यात पाण्याला वाट मिळते. नंतर २ मिनिटे जोडावर भार नको, आणि पाणी टाकून थंड करू नका.

भोक बारीक का होते

पाइप सॉकेटपेक्षा जरा जाड असल्याने आत जाताना वितळलेले प्लास्टिक बाजूला सारतो. थोडे तोंडाशी बाहेर येते, थोडे पाइपच्या टोकापुढे आत ढकलले जाते. पाच सेकंदांत पाइपचा फक्त वरचा थर वितळतो, आतली भिंत कडक राहते आणि दाब झेलते. दहा-बारा सेकंद ठेवला तर वितळलेला थर जाड होतो, म्हणजे आत ढकलले जाणारे प्लास्टिक वाढते. शिवाय भिंत आतपर्यंत मऊ झाल्याने टोक दाबाखाली आत चेपते. पातळ भिंतीच्या पीएन-१० पाइपला हे लवकर होते, कारण त्याची जाडी जेमतेम १.९ मिमी असते. सेकंद बरोबर मोजले पण मशीन ३०० अंशांवर असले, तरी परिणाम हाच.

आकडा पाहा. आत सगळीकडून १.५ मिमी कड आली की १३.२ चे भोक १०.२ मिमी होते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते, म्हणून वाट ४० टक्के कमी झाली. कड २ मिमी आली तर निम्मीही उरत नाही. एका लाइनवर असे आठ-दहा जोड असले की प्रत्येक जोडाला पाण्याचा दाब थोडा थोडा पडत जातो.

तपासणी

बाहेर तोंडाभोवती सारख्या जाडीची दुहेरी कड दिसली पाहिजे. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नसल्यासारखी असेल, तर पाइप तिरका गेला आहे. कड दिसतच नसेल, तर जोड कमी तापला आहे आणि दाबाखाली निसटू शकतो. असा जोड पुन्हा तापवून वापरू नका, कापून नवीन करा. बाहेर फुगलेली ओघळती कड दिसली तर आतही तेवढेच गेले असे धरा आणि दुसऱ्या तोंडातून टॉर्चने पाहा. सरळ कपलिंगमध्ये १२ मिमीची दांडी घालून पाहता येते.

सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे काम सुरू करण्याआधी त्याच मशीनवर, त्याच पाइपचा एक जोड करून तो लांबीत चिरणे. पाइप आणि फिटिंगमधली रेघ दिसू नये आणि आतली कड बारीक, एकसारखी असावी. रेघ दिसली तर आधी तापमान तपासा. आतली कड जाड असेल तर तापमान, सेकंद आणि पाइप खुणेच्या पुढे गेला का, या तीन गोष्टी याच क्रमाने पाहा. शेवटचा जोड झाल्यावर निदान एक तास जाऊ द्या आणि मगच प्रेशर टेस्टला पाणी भरा.