मार्किंग स्कीममधला अर्धविराम वाचा

केंब्रिज आयजीसीएसई बायोलॉजीचे जुने पेपर सोडवताना मार्किंग स्कीम फक्त उत्तर बरोबर आलं का हे बघायला उघडू नका. खुणा वाचा. अर्धविराम (;) आला की एक गुण संपला. तिरकी रेघ (/) म्हणजे यातलं कुठलंही एक चालेल. शब्दाखाली रेघ असेल तर नेमका तोच शब्द हवा.

समजा, एन्झाइमचा आलेख दिलाय आणि प्रश्न आहे, ४० अंशांपुढे वेग का घटतो ते explain करा, गुण ३. बरीच मुलं लिहितात, ‘४० पर्यंत वेग वाढतो, मग झपाट्याने कमी होतो.’ हे खरं आहे, पण हे describe चं उत्तर झालं. इथे त्याला भोपळा. एन्झाइम डीनेचर होतं. ॲक्टिव्ह साइटचा आकार बदलतो. सबस्ट्रेट तिथे बसत नाही. झाले तीन गुण. ‘एन्झाइम मरतं’ मात्र लिहू नका, एन्झाइम सजीव नसतं.

discuss मध्ये दोन्ही बाजू मांडा. evaluate मध्ये त्यापुढे जाऊन दिलेल्या आकड्यांवरून निष्कर्ष किती टिकतो ते सांगायचं. ‘फायदेही आहेत, तोटेही आहेत’ एवढ्यावर थांबलात तर निकाल दिलाच नाही असं होतं.

सरावाला स्वतःच्या उत्तरात प्रत्येक वेगळ्या मुद्द्यानंतर पेन्सिलीने अर्धविराम टाका. कंसातल्या गुणांपेक्षा ते कमी भरले, तर बहुतेक एकच मुद्दा शब्द बदलून दोनदा लिहिलेला सापडतो.